'कीपर!' असा आवाज दिला आणि तो आलाच नाही

ही केस नीट लिहून ठेवायची असं बरेच दिवस मनात होतं. मी फुटबॉलचा गोलकीपिंग कोच आहे, ज्या टीमबरोबर होतो तिचं नाव किंवा पोरांची नावं इथे घेणार नाही, त्याची गरजही नाही. कीपर २२ वर्षांचा, सीनियर टीममधे ११ मॅच खेळलेला. ज्याच्याशी खरा संबंध आला तो सेंटर बॅक ३१ वर्षांचा, टीममधे सगळे त्याला दादा म्हणायचे.

लीगच्या ३ मॅच उरल्या होत्या. आम्ही दुसरे होतो, वरच्या दोन टीमना प्रमोशन, आणि समोर तिसऱ्या नंबरची टीम. ड्रॉ झाला असता तरी आम्ही दुसरेच राहिलो असतो. ८६व्या मिनिटाला स्कोअर ०-० होता आणि त्यांना आमच्या डाव्या बाजूला, टचलाइनच्या जवळ फ्री किक मिळाली, गोलपासून साधारण ३५ मीटरवर. घेणारा असा की बॉल गोलकडे वळत आत येणार. बॉल आला, दादा हेडरसाठी उभा होता, शेवटच्या क्षणी त्याने डोकं खाली घेतलं, त्याच्या मागून त्यांच्या स्ट्रायकरने बॉल खाली मारला आणि गोल. मॅच १-० ने गेली.

आता स्टँडमधून किंवा व्हिडिओत बघणाऱ्याला काय दिसतं? डिफेंडरने सोपा बॉल सोडला. मॅच संपल्यावर बाहेर सगळे दादालाच बोलत होते, त्याचं वय झालं, त्याला झोप लागली होती, वगैरे. ड्रेसिंग रूममधे तो पायाच्या टेप काढत बसला होता, एक शब्द बोलला नाही. कीपर समोरच्या बाकावर, डोक्यावर टॉवेल घेऊन. तोही काही बोलला नाही. पण मला टचलाइनवर ऐकू आलं होतं, बॉल हवेत असताना कीपरने 'कीपर!' असा मोठा आवाज दिला होता. आमच्या टीममधे दोनच आवाज ठरलेले, 'कीपर' म्हणजे मी येतोय, बाकीच्यांनी सोडा, आणि 'अवे' म्हणजे मी येत नाही, तुम्ही क्लिअर करा. त्याने 'कीपर' म्हटलं आणि तो आला नाही. हे मैदानावर नक्की माहीत असणारी माणसं फार तर तीन-चार.

रात्री मी त्याला फोन केला. पहिला प्रश्न गोलबद्दल नव्हता, मी विचारलं की मॅचमधे डोक्याला कुठे मार लागला का, डोकं दुखतंय का, उजेडाचा त्रास होतोय का, मळमळतंय का. हे मी आता कुठल्याही मोठ्या चुकीनंतर आधी विचारतो. २०१८च्या चॅम्पियन्स लीग फायनलमधे लिव्हरपूलचा कीपर लॉरिस कॅरियसने दोन भयंकर गोल खाल्ले, जगभर त्याची टिंगल झाली, आणि नंतर डॉक्टरांनी तपासल्यावर सांगितलं की मॅचमधेच त्याच्या मेंदूला धक्का बसला होता, म्हणजे कन्कशन. चुका त्यामुळेच झाल्या की नाही हा वाद सोडा, पण आधी तपासायला काय जातं. आमच्या पोराला तसलं काही नव्हतं. तो म्हणाला, "सर, मी ग्रुपवर सॉरी लिहितोय, तीन वेळा लिहून डिलीट केलं."

मी म्हटलं वाच. त्याने वाचलं. मोठा मेसेज होता, मी सगळ्यांना निराश केलं, सगळी जबाबदारी माझी, मी अजून मेहनत करीन, असं सगळं. मनापासून लिहिलेलं होतं, त्यात शंका नाही. पण मी विचारलं, यात तू कॉल दिलास हे कुठे आहे? तो गप्प.

इथेच ही केस मला महत्त्वाची वाटते. कीपरच्या चुका वेगवेगळ्या असतात. हातातून बॉल सुटला तर तो त्याचा एकट्याचा, सगळ्यांना दिसतो, सॉरी म्हटलं की लोकांना कळतं कशाबद्दल. पण कॉलची चूक दिसत नाही, ती दुसऱ्याच्या अंगावर जाते. अशा वेळी "सगळी माझी चूक" असं म्हणणं ऐकायला चांगलं वाटतं पण त्यातून डिफेंडरला काहीच मिळत नाही, उलट लोकांना वाटतं पोरगा किती मोठ्या मनाचा आहे, दादाची चूक स्वतःवर घेतोय! म्हणजे माफी मागूनसुद्धा दादा अजून खड्ड्यात. हे मी त्याला फोनवर असंच सांगितलं. मेसेज टाकू नकोस, सकाळी मीटिंगच्या आधी दादाला गाठ, आणि तीनच गोष्टी सांग, तू काय ओरडलास, कधी ओरडलास, आणि का थांबलास. भावना नंतर.

त्याने विचारलं, "आणि दादा चिडला तर?" मी म्हटलं चिडू दे, तो त्याचा हक्क आहे.

मग मी रात्री व्हिडिओ घेऊन बसलो. आमचा कॅमेरा ट्रायपॉडवरचा, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम म्हणजे ०.०४ सेकंद. आवाज काही नीट येत नाही पण तोंड उघडलेलं दिसतं. किक लागली ती फ्रेम शून्य धरली. १३व्या फ्रेमला कीपरचं तोंड उघडलं, म्हणजे किकनंतर जेमतेम अर्ध्या सेकंदात. १५व्या फ्रेमला त्याचं पहिलं पाऊल. तोपर्यंत दादाचे गुडघे वाकलेले होते, उडी मारायच्या तयारीत, ते २०व्या फ्रेमला सरळ झाले. आवाज ऐकून शरीर थांबायला जेवढा वेळ लागतो बरोबर तेवढाच. आणि २३व्या फ्रेमला आमचाच मिडफिल्डर मागे सरकत कीपरच्या वाटेत आला, कीपर थांबला. हेडर ४१व्या फ्रेमला.

म्हणजे कीपर थांबला आणि हेडर लागला यात १८ फ्रेम, पाऊण सेकंदापेक्षा थोडं कमी. वाटतं की तेवढ्यात त्याने 'अवे' ओरडायला हवं होतं. मलाही आधी तसंच वाटलं. पण हिशेब करा, ऐकायला आणि समजायला पाव सेकंद, परत गुडघे वाकवून उडी मारायला जवळपास अर्धा सेकंद, आणि त्यात तो बाद झालेला डिफेंडर, शरीर सैल पडलेलं. नाही जमत. शिवाय अशा वेळी दुसरा कॉल दिला की डिफेंडर अर्धवट उठतो आणि बॉल कुठेही लागतो, आपल्याच गोलमधेसुद्धा. म्हणून २३व्या फ्रेमला काहीच वाचवता येत नव्हतं. चूक १३व्या फ्रेमची होती, कॉल लवकर दिला. बॉलची उंची वाचली होती पण जायची वाट मोकळी आहे का ते बघितलंच नव्हतं. तो लाइनपासून ४ मीटर पुढे उभा होता आणि हेडर झाला गोलपासून साडेसहा मीटरवर, म्हणजे अंतर काहीच नव्हतं, अडीच-तीन पावलं, पण त्या तीन पावलांमधे माणसं होती.

आणखी एक गोष्ट दिसली जी त्याला स्वतःला आठवतच नव्हती. थांबल्यावर तो मागे सरकत होता. हेडर लागला तेव्हा त्याचं वजन टाचांवर, एक पाय हवेत. हेडर काही कोपऱ्यात नव्हता, त्याच्यापासून जेमतेम एक मीटरवर होता. पाय जमिनीवर घट्ट असते तर हात गेला असता, असं मला वाटतं. कीपरला अडकल्यावर लाइनवर परत जायची घाई होते, पण बॉल लागायच्या क्षणी जिथे असाल तिथे थांबलेलं असणं जास्त कामाचं. वाटेत असाल तर वाटेत, पण थांबलेले.

सकाळ. रिकव्हरी सेशन साडेनऊला, मी आठच्या आधी पोचलो तर तो आधीच आलेला. ड्रेसिंग रूमच्या बाहेर नळाशी उभा राहून ग्लोव्हज भिजवत होता. काल भर पावसात तो ग्लोव्हज तिथेच टाकून गेला होता, किट सांभाळणाऱ्या काकांनी धुवून सावलीत टांगले होते, आणि तळव्याचं लॅटेक्स सुकलं की कडक होतं, पापडासारखं, ते ओलं केल्याशिवाय ग्रिप येत नाही. त्या दिवशी त्याला ग्लोव्हज लागणारसुद्धा नव्हते, रिकव्हरीला कीपर सायकल मारतात आणि स्ट्रेचिंग करतात. पण तो अंगठ्याने तळवा चोळत बसला होता, पाणी टाकायचा, चोळायचा, परत पाणी. मी काही बोललो नाही, आत गेलो. दादा थोड्या वेळाने आला. खिडकी उघडी होती त्यामुळे मला सगळं ऐकू आलं, मुद्दाम ऐकलं असंही म्हणा.

"दादा, मला बोलायचंय."

"बोल."

"मी काल कीपर म्हणून ओरडलो. बॉल निघाला आणि लगेच. मग वाटेत आपला माणूस आला आणि मी थांबलो. तू बरोबर सोडलास."

बराच वेळ काही आवाज नाही, फक्त नळ चालू. मग दादा म्हणाला, "तू ओरडलास ना खरंच?"

"हो."

"नाही, मला रात्रभर वाटत होतं की मला भास झाला. बायकोला म्हटलं, मला ऐकू आलं असं वाटलं. सगळे म्हणतायत मी झोपलो होतो, मला वाटायला लागलं की झोपलोच असेन. अरे मी १४ वर्षं डिफेन्स खेळतोय, मला माझ्याच कानावर विश्वास राहिला नाही."

पोरगा रडायला लागला. दादा म्हणाला, "रडू नकोस, नळ बंद कर आधी." आणि मग, हे मला फार आवडलं, त्याने लगेच माफ वगैरे केलं नाही. तो म्हणाला, "काल ड्रेसिंग रूममधे सांगायला हवं होतंस. मी तिथे बसलो होतो तुझ्यासमोर." कीपर म्हणाला, "हो. घाबरलो." एवढंच.

मी हे लिहितोय कारण मला स्वतःला तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं की गप्प राहण्याची किंमत दादा कशी मोजतोय. मला वाटत होतं त्याला राग आला असेल. त्याला राग आलाच नव्हता, त्याला स्वतःबद्दल शंका आली होती, आणि अशी शंका घेऊन डिफेंडर पुढच्या मॅचला उतरला की तो प्रत्येक कॉलला अर्धा सेकंद थांबतो. मी तर टचलाइनवर कॉल ऐकला होता, मी रात्रीच दादाला फोन करायला हवा होता. ती माझी चूक, आणि मी ती त्याला त्याच दिवशी सांगितली.

मीटिंग दहाला. हेड कोचला मी आधीच सांगितलं होतं की क्लिप लावण्याआधी पोराला बोलू दे, कारण क्लिप आधी चालली तर ती कबुली वाटते, पकडल्यावर दिलेली. तो उभा राहिला, कागद नव्हता हातात, आणि जे दादाला सांगितलं तेच सांगितलं, मी कीपर ओरडलो, लवकर ओरडलो, वाट मोकळी आहे का ते बघितलं नाही, दादाने माझ्या आवाजावर बॉल सोडला. मग खाली बसला. २० सेकंदसुद्धा लागले नसतील.

मग जे झालं ते सगळं काही छान नव्हतं. मिडफिल्डर म्हणाला की मला ढकललं म्हणून मी मागे आलो, आणि क्लिपमधे ते दिसलंसुद्धा, त्यांचा एक माणूस मुद्दाम त्याला कीपरच्या अंगावर रेटत होता. म्हणजे समोरच्या टीमने ते ठरवून केलं होतं आणि आम्ही कीपरची वाट मोकळी ठेवायला कुणालाच नेमलं नव्हतं. पण आमचा विंगर उठला आणि म्हणाला, "हे सगळं ठीक आहे, पण माझं प्रमोशन गेलं ना." कॅप्टन त्याला गप्प करायला लागला, मी म्हटलं बोलू दे. त्याचं खरं होतं. तो पुढचे दहा-बारा दिवस कीपरशी पासिंगपुरतंच बोलला. आम्ही कुणी मधे पडलो नाही आणि कीपरलाही सांगितलं की त्याला मनवायला जाऊ नकोस, परत परत सॉरी म्हटलं की समोरच्यावर माफ करायची जबाबदारी येते.

हेड कोचने मला विचारलं पुढच्या मॅचला याला बसवू का. ६ दिवसांवर मॅच. मी म्हटलं हात थरथरत असतील, ट्रेनिंगमधे साधे बॉल सुटत असतील तर बसवा, पण ही चूक निर्णयाची आहे, ती कुठली ते त्याला माहितीये, आणि ती सुधारायला त्याला त्याच चार डिफेंडरसमोर उभं राहावं लागेल. बाकावर बसून कॉल सुधारत नाही. दुसरा कीपर चांगला होता, त्यामुळे हा निर्णय सोपा नव्हता आणि त्याच्यावर थोडा अन्यायही झाला.

एका गोलवरून माणसाला कायमचं दोषी धरलं की काय होतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण ब्राझीलचा कीपर बार्बोसा. १९५०चा वर्ल्ड कप, १६ जुलै, माराकाना, ७९व्या मिनिटाला उरुग्वेच्या घिगियाने जवळच्या पोस्टने गोल मारला आणि बार्बोसा मरेपर्यंत त्या गोलचा माणूस राहिला. पण थोडं आधीचं बघा, ६६व्या मिनिटाला त्याच घिगियाने त्याच बाजूने आत क्रॉस दिला होता आणि त्यावर गोल झाला होता. दुसऱ्या वेळी बार्बोसा क्रॉसच्या अपेक्षेने पोस्टपासून हलला असेल तर त्यात कारण होतं, तो वेडेपणा नव्हता. ते कारण बघायला लोक थांबले नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं, दर वेळी.

असो. ट्रेनिंगकडे बघितलं तर आमचं आमच्याच लक्षात आलं की क्रॉसची प्रॅक्टिस आम्ही रिकाम्या बॉक्समधे करत होतो. कीपर, मी, आणि क्रॉस मारणारे दोघं. पोरगा सगळे बॉल पकडायचा आणि त्याची सवय झाली की उंची वाचली, ओरडलो, गेलो. वाट मोकळी आहे का ते बघायची गरजच कधी पडली नाही. त्या आठवड्यात मी बॉक्समधे सहा-सात माणसं उभी केली, त्यातल्या दोघांना सांगितलं की कीपरच्या वाटेत या, हाताने नाही पण अंगाने. आणि नियम एकच, बॉल निघाल्यावर आधी उंची, मग वाट, मग आवाज, आणि आवाज दिला की जायचंच, पकडता नाही आला तर पंच, दोन मुठींनी, बाजूला आणि लांब. वाट नसेल तर 'अवे', आणि जिथे आहेस तिथे पाय रोव. पहिल्या दिवशी तो इतका उशिरा कॉल द्यायला लागला की त्याचा उपयोगच नव्हता, डिफेंडर आधीच उडालेले. दुसऱ्या दिवशी एकदा कॉल दिला, आला, आणि दादा तरीही हेडरला गेला, दोघं धाडकन आपटले. दादाच्या भुवईवर टेंगूळ आलं. मी शिट्टी मारली, दोघांनाही विचारलं काय झालं. कीपर म्हणाला मी ओरडलो. दादा म्हणाला, "ऐकलं. सोडवलं नाही."

तो खरं बोलला म्हणून मला पुढचं ठरवता आलं. डोकं तपासून त्याला बसवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून फक्त त्या दोघांना घेऊन, मीटिंगनंतर रोज १० क्रॉस, जास्त नाही, कारण थकल्यावर सगळेच आंधळेपणाने उडी मारतात. दादा मोजायचा, किती सोडले, किती नाही सोडवले. पहिल्या दिवशी कीपरच्या ६ कॉलपैकी ३ त्याने सोडले. मग ४.

पुढची मॅच आम्ही जिंकलो, शेवटची ड्रॉ झाली, प्रमोशन एका पॉइंटने गेलं ते गेलंच. त्या शेवटच्या मॅचमधे ७०व्या मिनिटाच्या आसपास एक कॉर्नर आला, साधाच, पण बॉक्स भरलेला. मी किकनंतर मनात मोजत होतो, सवयच लागली होती. आवाज उशिरा आला, एकदाच. दादा हेडरसाठी वाकलेला होता, तो सरळ झाला, खांदे बाजूला केले आणि पाठीने त्यांच्या स्ट्रायकरला अडवलं, बॉलकडे बघितलंसुद्धा नाही. कीपर त्याच्या डोक्यावरून गेला आणि बॉल पकडला.